मावशीचा दुसरा फोन

मला बिननावाची वस्तू सहन होत नाही. माझ्या अमरावतीच्या घरात मिठाच्या बरणीवरही ‘मीठ’ अशी चिठ्ठी आहे, आणि नवरा म्हणतो की एक दिवस त्याच्या पाठीवरही लागेल. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत चिठ्ठी नसलेली बाटली म्हणजे कुणाचा तरी हात भाजणार, हे मी इतकी वर्षं पोरांना सांगत आले की तो माझा स्वभावच झाला. हा स्वभाव मी अकोल्याला आईबाबांच्या घरी नेला आणि तिथे माझ्याच हातून घोटाळा झाला.

आईची उजवी बाजू गेली तेव्हा तिचं बोलणंही गेलं. जठारपेठेतलं आमचं घर लांबोळकं आहे, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या. पुढे बैठक, मग मधली खोली, स्वयंपाकघर, आणि पार मागे बाबांची खोली, तिला बाजूच्या बोळात उघडणारं वेगळं दार. आईचा पलंग बैठकीत आणला, कारण डॉक्टर, मालिशवाली, भेटायला येणारे, सगळे तिथेच. तिच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली. तिच्या पंपाला भावाने पुण्याहून एक वाय-फायचा प्लग आणून लावून दिला, म्हणजे गादी चालू आहे की बंद ते आम्हाला फोनवर कळेल. राउटरही बैठकीतच, आईच्या डोक्याशी असलेल्या फळीवर, जुन्या लँडलाइनच्या शेजारी.

मला बैठकीत कॅमेरा हवा होता. बाबांनी साफ नाही म्हटलं.

“तिचे कपडे बदलवताना पाह्यसान काय तुमी? माणूस आहे थे, दुकान नाई.”

बाबा कोर्टात नाझर होते. त्यांचा नकार एकदाच येतो, त्यावर अपील नसतं. मग मला आणि भावाला अकोल्यातलं काही दिसायचं राहिलं ते एवढंच: राउटरच्या ॲपमधली यादी. कोणकोणती उपकरणं घरच्या वाय-फायला जोडली आहेत त्यांची. जोडलेलं असेल त्याच्यासमोर हिरवा ठिपका, नसेल तर ते नाव फिकं. ॲप माझ्या, भावाच्या आणि बाबांच्या अशा तिन्ही फोनवर होतं.

पहिल्यांदा उघडली तेव्हा ती यादी पाहून मला शिसारी आली. एकच टीव्ही तेवढा आपल्या कंपनीच्या नावाने हजर होता. बाकी ‘अनोळखी’, ‘अनोळखी’, ‘अनोळखी’, आणि प्रत्येकाखाली बारा अक्षरं-आकड्यांचा पत्ता, दोन दोन अक्षरांमध्ये टिंबं. एका रविवारी सकाळी मी गेले आणि बसून सगळ्यांची बारशी केली. रीत सोपी होती. एकेका वस्तूचं वाय-फाय बंद करायचं, थोडं थांबायचं, यादीत कोण फिकं पडतं ते पाहायचं, आणि त्या पत्त्याला नाव लिहायचं. प्लग काढला, एक ‘अनोळखी’ फिकं पडलं, त्याला लिहिलं ‘आईची गादी’. मागच्या खोलीत जाऊन बाबांच्या फोनचं वाय-फाय बंद केलं, आणखी एक पडलं, त्याला ‘बाबा’. भावाने व्हिडिओ कॉलवर विचारलं की त्याची मुलगी सुट्टीत येऊन पाहील तेव्हा तिला हे बाबा कोणाचे वाटतील. मी म्हटलं, तिचे आजोबा माझे बाबा आहेत, आणि यादी मी करते आहे.

राहिला एक फोन, दिवसभर आईकडे राहणाऱ्या बाईचा. ती हिवरखेडकडची, नवरा गेल्यावर अकोल्यात आलेली, जुन्या शहरात राहायची. सकाळी आठला यायची, संध्याकाळी सहाला जायची. आई तिच्याच हातून खायची. मी भरवायला गेले की आई ओठ मिटून घ्यायची आणि तिने चमचा धरला की उघडायची. मला ते लागायचं, पण उपाय नव्हता. तोंडावर आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. यादीत मी लिहिलं, ‘कामवाली’.

बाबांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नव्हतं. चार-पाच दिवसांनी त्यांनी तिलाच फोन दिला, म्हणाले, पाहा बरं पोरीनं काय काय नावं ठेवली ते. तिने वाचून दाखवली. टीव्ही, आईची गादी, बाबा, कामवाली. हे मला बाबांनी संध्याकाळी फोनवर सांगितलं.

“तिले वाचता येते, एवढं ध्यानात ठेवजो,” म्हणाले.

मी लगेच ‘मावशी’ केलं. दोन मिनिटांचं काम. तिने त्याबद्दल मला कधीच काही म्हटलं नाही, आणि मी समजले की विषय मिटला.

त्यानंतर महिनाभर ती यादी माझी हजेरीची वही झाली. दोन तासिकांच्या मधे स्टाफरूममध्ये चहा घेताना उघडायची. आईची गादी हिरवी, मावशी हिरवी, बाबा हिरवे. झालं. खरं सांगायचं तर त्या महिन्यात माझे अकोल्याला फोन कमी झाले. सगळे जागच्या जागी आहेत हे दिसत होतं, मग विचारायचं काय? फोन केलाच तर बाबांना एक वाक्य ठरलेलं असायचं. “बाबा, मागच्या खोलीत पडून राहू नका हो, आईजवळ बसत जा.” त्यावर बाबा “हाव” म्हणायचे आणि फोन ठेवायचे. मला त्यांचा राग यायचा. चाळीस वर्षं आईने त्यांचा डबा भरला, आणि आता ती पडली तर हे घराच्या दुसऱ्या टोकाला.

मग यादीत एक नवीन ‘अनोळखी’ आलं.

ते दुपारी दोनच्या पुढे-मागे उगवायचं आणि साडेचार-पाचला मावळायचं. रोज. त्याच्यासमोरचा वेगाचा आकडाही हलत असायचा, म्हणजे त्यावर काहीतरी पाहणं किंवा ऐकणं चाललेलं. सकाळी नाही, रात्री नाही. बाबांना विचारलं, दुपारी कोणी येतं का? म्हणाले, कोणी येत नाही. शेजारच्यांना पासवर्ड दिला का? म्हणाले, मलेच ठाऊक नाई त्यो, देऊ कोठून.

माझ्यासारख्या बाईला यादीत एक ‘अनोळखी’ म्हणजे दातात अडकलेलं बोराचं साल. दुपारी दोन ते पाच घरात कोण? आई, तिला फोन धरता येत नाही. बाबा जेवून मागे झोपलेले. उरली मावशी. मी त्या पत्त्याला नाव दिलं, ‘मावशीचा दुसरा फोन?’ प्रश्नचिन्ह मी टाकलं होतं हे मला आजही स्वतःला सांगावंसं वाटतं. पण चार दिवसांनी ते डोळ्यांना खुपायला लागलं. बाकी सगळी नावं सरळ, आणि एकाच्याच शेपटीला आकडी. मी ते काढून टाकलं. नवीन काही कळलं म्हणून नव्हे, यादी नीट दिसावी म्हणून.

भावाला शंका कधी दिसलीच नाही. त्याला दिसलं ते नाव. त्याने फोन केला. “अगं, हिच्याकडे दोन फोन आहेत आणि दुपारभर ती काहीतरी पाहत बसते. आईकडे कोण बघतं मग?” मी म्हणायला हवं होतं की ते नाव मी अंदाजाने टाकलंय. मी म्हटलं, “मलाही तेच वाटतं.” माझ्याच अक्षरातलं खोटं भावाच्या तोंडून ऐकलं आणि मला ते पुराव्यासारखं वाटलं.

शनिवारी अर्धा दिवस असतो. मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी पकडली आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोहोचले. मावशी आईच्या पायाला तेल लावत होती. मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज चढवला नाही. वर्गात कॉपी पकडल्यावर जो आवाज लावते तो लावला.

“मावशी, दुपारी तुम्ही दुसरा फोन वापरता का?”

“माह्याजवळ एकच फोन आहे, ताई.”

“मला यादीत दिसतं. दोन ते पाच.”

“त्या वेळी घरात आमी तिघंच असतो. बाई, भाऊ न मी.” आईला ती बाई म्हणायची, बाबांना भाऊ. “तुमी भाऊले इचारा.”

“भाऊ मागे झोपलेले असतात.”

 काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आई माझ्यासमोर ओठ मिटायची, तसंच.

“मंग यादीत लिवलं असन तेच खरं,” ती म्हणाली. हात धुतले, आईच्या कपाळाला हात लावला, पिशवी उचलली. दारात बाबा बाजारातून येत होते. त्यांना म्हणाली, “भाऊ, बाईले सहाले सूप द्याचं आहे, गाळून ठेवलं.” दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

बाबांना कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले. “थे तसं करनार नाई,” म्हणाले. “दुपारी थे तिचे पाय चेपते.”

“बाबा, तुम्हाला नीट दिसत नाही. मला दिसतं.”

हे वाक्य माझं आहे. ते मला पुसता येत नाही.

एका संस्थेकडून दुसरी बाई आली. पांढरा कोट, वेळेची पक्की, हातमोजे घालून भरवणारी. आईने दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी थोडं पाणी घेतलं. मला फोनवर हे सगळं बाबा सांगत होते, तुटक तुटक.

मंगळवारी स्टाफरूममध्ये सवयीने मी यादी उघडली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ‘मावशी’ फिकी. ‘बाबा’ फिके. ‘आईची गादी’ हिरवी. आणि तिच्याखाली ‘मावशीचा दुसरा फोन’, हिरवा.

मावशी तर आता घरात येतच नव्हती. पण माणूस आपली चूक इतक्या सहज हातात घेत नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते: ती कंपाउंडबाहेर उभी राहून आमचं वाय-फाय वापरते आहे. जुन्या शहरातून मोर्णा नदीचा पूल ओलांडून, उन्हात, भिंतीला टेकून. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि मला हे शक्य वाटलं.

रविवारी मी न सांगता अकोल्याला गेले. बाबा जेवले, फोनचं वाय-फाय बंद केलं (“बॅटरी उरते”), मागे जाऊन आडवे झाले. नवी बाई जेवणाच्या सुट्टीला गेली. मी आईची गोळी कुटून पाण्यात कालवत स्वयंपाकघरात उभी, ॲप उघडून. दोनला पाच-दहा मिनिटं वर झाली असतील, ‘मावशीचा दुसरा फोन’ हिरवा झाला. मी वाटी ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराने बोळातून धावत फाटकाबाहेर गेले. रस्ता रिकामा होता. भिंतीला एक सायकल टेकलेली आणि सावलीत एक कुत्रं. मी दोन्हीकडे पाहिलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

परत फाटकाशी आले तेव्हा बैठकीच्या खिडकीतून गाणं ऐकू आलं. जुनं सिनेमाचं गाणं, बारीक आवाजात.

मी खिडकीतून आत पाहिलं. बाबा आईच्या उशाशी खुर्ची ओढून बसले होते. फोन त्यांनी तिच्या कानाजवळ उशीवर ठेवला होता. आईचे डोळे मिटलेले, आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर ठेका धरत होती.

हे कळायला आमच्या घरातलं असावं लागतं. आईला सिनेमाच्या गाण्यांचं वेड होतं आणि बाबांना त्याची चीड. ते ऑफिसातून आले की रेडिओ बंद व्हायचा. कधी राहिला चालू तर ते काही न बोलता जाऊन बटण पिळायचे. आई पुन्हा लावायची नाही. आम्ही भावंडं याच शांततेत वाढलो.

मी खिडकीत उभी राहून हातातल्या फोनकडे पाहिलं. प्रत्येक नावाखाली, पत्त्याच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ असते, ती मी इतके दिवस वाचलीच नव्हती. ‘बाबा’च्या खाली होतं २.४. ‘मावशीचा दुसरा फोन’च्या खाली होतं ५. मग आठवलं. राउटर बसवणाऱ्याने वाय-फायची दोन नावं ठेवली होती. २.४ म्हणजे दूरवर पोहोचणारं, ५ म्हणजे वेगवान पण जवळच्यापुरतं, आणि बाबांच्या फोनमध्ये दोन्ही भरून दिली होती. आताचे फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा पत्ता न सांगता एक बनवलेला पत्ता सांगतात, आणि प्रत्येक नावाला वेगळा. मागच्या खोलीत फक्त दूरचं पोहोचतं. तिथे मी बाबांचं बारसं केलं होतं. दुपारी ते बैठकीत येऊन वाय-फाय लावत, आणि तिथे फोन जवळचं धरत असे, दुसऱ्या पत्त्याने. रोज दुपारी ‘बाबा’ फिके पडायचे आणि ‘अनोळखी’ हिरवं व्हायचं. हे दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर, एकाच पानावर. मी फक्त हिरवं मोजत होते.

आईजवळ बसत नाहीत म्हणून ज्यांना मी दर फोनला बोलले, ते आईजवळ बसले की मला अनोळखी दिसत होते.

आत गेले. बाबांनी गाणं बंद करायला हात नेला, पोरगं पकडलं जावं तसा. मी म्हटलं, “राहू द्या.” मग म्हटलं, “मला सांगितलं का नाही?”

“काय सांगू?” ते म्हणाले. “जिंदगीभर बंद केलं, आता लावून राहिलो. थे सांगाची गोष्ट हाये काय?”

“मावशीला माहीत होतं?”

“तिनंच लावून देल्लं पयल्या दिवशी. मी म्हटलं, पोराइले सांगू नको.”

त्या संध्याकाळी मी जुन्या शहरात तिच्या घरी गेले. ती ज्वारी निवडत होती. मला पाट दिला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, पत्ते, दोन नावं, बाबा. चूक जणू राउटरचीच होती असं मी बोलत होते, आणि मला माझीच लाज वाटली. मग सरळ म्हटलं, “माझं चुकलं. परत या. आई जेवत नाही.”

“मले थे समजत नाई, ताई,” ती म्हणाली. “तुमी पयले कामवाली लिवलं, मंग मावशी लिवलं, मंग चोर लिवलं. आता काय लिवसान?”

मी पाण्याचा पेला पाटाशी ठेवला.

“बाळापूरच्या रस्त्यावर एक म्हातारी हाये, तिच्याकडे उद्यापासून जातो. शबुद देल्ला.” ती सुपात हात फिरवत राहिली. “बाईले सूप कोमट द्या. गरम असलं तर थे तोंड नाई उघडत. कोनाले सांगता येत नाई ना तिले.”

मी रजा टाकून अकोल्यात राहिले. सूप कोमट केलं. आईने माझ्या हातून दोन चमचे घेतले, कधी तीन. ते पुरेसं नव्हतं. नळी घातली, ती तिने डाव्या हाताने ओढून काढली. पाचव्या आठवड्यात ती गेली. त्या दिवशी दुपारी फक्त गादीचा पंप चालू राहिल्याचा आवाज येत होता आणि तो बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मावशी आली, आईच्या पायांवर डोकं ठेवलं, बाबांसमोर दोन मिनिटं उभी राहिली. चहा घेतला नाही. मी तिच्यामागे फाटकापर्यंत गेले. तिने माझा हात धरला आणि सोडला.

तिच्याबद्दल मी भावाला सगळं लिहून पाठवलं, काही न लपवता. यादीही दुरुस्त केली. त्या पत्त्याला आता नाव आहे, ‘बाबा, आईजवळ’. दिवस झाल्यावर पलंग हलवला, हवेची गादी परत केली. मी अमरावतीला परतले. यादीत ‘बाबा’ हिरवे असायचे, सकाळ-संध्याकाळ, मागच्या खोलीत. ‘बाबा, आईजवळ’ फिकं. ते काढून टाकायचं बटण तिथेच आहे. मी ते दाबलं नाही.

एका गुरुवारी तासिकेवरून आले, चहा ओतला, यादी उघडली. दोन वाजून गेले होते. ‘बाबा’ फिके झाले होते आणि ‘बाबा, आईजवळ’ हिरवं होतं.

बैठकीत आता काही नव्हतं. एक खुर्ची आणि पलंगाच्या पायांचे फरशीवर पडलेले चार डाग. मी चहा तसाच ठेवून घरच्या लँडलाइनवर फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. मागे गाणं होतं.

“बाबा, काय करताय?”

“काही नाई. बसलो.”

 मग म्हणाले,

“यादीत दिसून राहिलो ना मी? मंग फोन कायले केला?”

आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होते. मी म्हटलं, “असाच केला.” त्यांनी “हाव” म्हटलं, पण फोन ठेवला नाही, आणि मीही नाही. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच ऐकत राहिलो. मग माझ्या पुढच्या तासिकेची घंटा झाली.